जांभळा आमच्या तक्त्यात नाही

आमच्या कॉलेजातल्या संगणक कक्षाच्या दाराशी एक संगमरवरी पाटी आहे. तिच्यावर उद्घाटकांचं नाव इतक्या मोठ्या अक्षरांत कोरलंय की 'संगणक' हा शब्द खाली अंग चोरून बसल्यासारखा दिसतो. उद्घाटनाच्या भाषणात या खोलीला ज्ञानगंगा म्हटलं होतं. ही गंगा बरेच दिवस कुलूपबंद असते आणि उरलेले दिवस तिथे सरकारी भरतीच्या परीक्षा होतात. मी इतिहास शिकवतो. इतिहासवाल्याला काही काम नसतं असा आमच्या प्राचार्यांचा समज असल्यामुळे पर्यवेक्षकांच्या यादीत माझं नाव सगळ्यांत वर असतं.

या परीक्षांत खरे प्रश्न सुरू होण्याआधी थोडा वेळ राखून ठेवलेला असतो. उमेदवाराने लॉगिन केलं की पडद्यावर सूचना येतात. कोणता रंग कशाचा, कोणतं बटण कशाचं, ते शांतपणे वाचायचं. परीक्षेचं घड्याळ तेव्हा सुरू झालेलं नसतं. अख्ख्या परीक्षेत उमेदवाराच्या बाजूने असणारा हा एकच वेळ, आणि तोच बहुतेक जण फुकट घालवतात. कोणी पडद्याच्या कोपऱ्यातल्या स्वतःच्या फोटोकडे बघून खिन्न होतं, तर कोणी डोळे मिटून देवाला कामाला लावतं. केंद्रप्रमुख माइकवरून "सूचना काळजीपूर्वक वाचा" असं बजावतात आणि मग त्याच सूचना इतक्या मोठ्याने वाचून दाखवतात की कोणालाही काही वाचता येऊ नये. शेवटी 'मी सर्व सूचना वाचल्या असून मला त्या समजल्या आहेत' या चौकोनात खूण करावी लागते. एका छताखाली, एकाच क्षणी, इतक्या माणसांनी मिळून केलेलं खोटं विधान मी निवडणुकीची सभा सोडली तर दुसरीकडे पाहिलेलं नाही.

हे सगळं मला विनोदी वाटायचं. माझी वहिनी अशाच एका परीक्षेला बसायची ठरली तेव्हा ते विनोदी वाटायचं थांबलं.

वहिनी बोदवडजवळच्या एका खेड्यात अंगणवाडी सेविका. माझ्या थोरल्या भावाचं बोदवडला मोटारी भरायचं, म्हणजे विजेच्या पंपांचं जळालेलं वाइंडिंग पुन्हा करून देण्याचं दुकान आहे. वहिनीचं माहेर पिंपळनेरकडचं. एरवी त्या आमच्यासारखंच बोलतात, पण चिडल्या किंवा घाबरल्या की थेट माहेरच्या अहिराणीत उतरतात. अंगणवाडीतल्या सेविकांमधून मुख्यसेविका व्हायची परीक्षा निघाली होती. मुख्यसेविका म्हणजे दहा-वीस अंगणवाड्यांवर देखरेख करणारी. वयाच्या अटीत वहिनी या वेळी जेमतेम बसत होत्या. पुढच्या भरतीला बसणार नव्हत्या. ही हुकली की मग निवृत्तीपर्यंत त्याच खोलीत तीच खिचडी.

अभ्यासाची त्यांना चिंता नव्हती. आहार, लसीकरण, योजना, कायदे हे त्यांनी आयुष्यभर जगून पाठ केलं होतं. चिंता होती ती पडद्याची. त्यांचा सगळा कारभार मोबाइलवर चालायचा. कॉम्प्युटरला त्यांनी हात लावला नव्हता.

"हिला मी टीव्हीचा रिमोट देत नाही," भाऊ म्हणाला, "आणि सरकार हिला कॉम्प्युटर देतंय."

"रिमोट तुमच्याकडेच राहू द्या," वहिनी म्हणाल्या. "चॅनेल तर मीच सांगते."

परीक्षेच्या संकेतस्थळावर सरावासाठी एक नमुना चाचणी ठेवलेली होती. कोणालाही उघडता येई. खऱ्या परीक्षेचा पडदा तसाच दिसणार होता. ठरलं असं की दर रविवारी वहिनींनी जळगावला आमच्याकडे यायचं आणि माझ्या लॅपटॉपवर सराव करायचा. कॉलेजला मी लिहून कळवलं की नात्यातली व्यक्ती बसतेय, या परीक्षेची ड्युटी मला नको. प्राचार्यांनी त्यावर 'पाहिले' असा शेरा मारला. नंतर कळलं, वहिनींचं केंद्र तर धुळ्याला आलं होतं.

पहिल्या रविवारी त्या आल्या. सोबत घरच्या शेवेचा डबा होता. हातपाय धुतले, चहा घेतला आणि परीक्षेला बसावं तशा ताठ खुर्चीत बसल्या. माउस त्यांनी कबुतर धरावं तसा धरला होता. घट्ट धरला तर मरेल, सैल सोडला तर उडेल.

मी पडदा समजावून सांगितला. डावीकडे प्रश्न आणि पर्याय. उजवीकडे वर तुमचा फोटो आणि उरलेला वेळ. त्याच्या खाली सगळ्या प्रश्नांचे क्रमांक चौकटींत मांडलेले, आणि प्रत्येक चौकटीला रंग. न उघडलेला प्रश्न करडा. तळाशी बटणं. मग म्हटलं, "करा सुरू."

पहिला प्रश्न उघडला आणि उजवीकडे पहिल्या क्रमांकाची चौकट लाल झाली.

वहिनींनी माउस सोडला. "भाऊजी, हाई लाल झालं!"

"होणारच. उघडलाय, पण उत्तर दिलेलं नाही. त्याचा रंग लाल."

"अजून मी काही केलंच नाही, तर लाल कसं?"

"उत्तर निवडा आणि 'सेव्ह अँड नेक्स्ट' दाबा. हिरवं होईल."

त्यांनी ते केलं. पहिला क्रमांक हिरवा झाला आणि त्याच क्षणी दुसरा लाल झाला. त्यांचा चेहरा पुन्हा उतरला. तरी दोन आणि तीन त्यांनी पटापट हिरवे केले. चौथा प्रश्न गणिताचा होता. एका टाकीला दोन नळ, एक भरतो, एक रिकामी करतो, हे असलं आपल्या परीक्षांतलं आवडतं बेजबाबदार कुटुंब. वहिनी त्यावर अडल्या. कागदावर आकडेमोड केली, खोडली, पुन्हा केली. मी दोनदा सांगितलं, सोडा, पुढचा घ्या. त्या हलल्या नाहीत. चाचणीची वेळ संपली तेव्हा पडद्यावर तीन हिरवे, एक लाल आणि बाकी सगळं करडं होतं.

"वहिनी, पुढे सोपे प्रश्न होते. ते उघडलेच नाहीत तुम्ही."

"लाल सोडून पुढे कसं जायचं?"

मला वाटलं, ही भीती आहे. भीतीवर माझ्याकडे एक व्याख्यान तयार होतं. ते मी सुरू करणार, तेवढ्यात त्यांनी पिशवीतून एक कार्ड काढून माझ्यासमोर ठेवलं. अंगणवाडीतल्या मुलाच्या वाढीचा तक्ता होता तो. त्यावर खालून वर तीन रंगांचे पट्टे: लाल, पिवळा, हिरवा. दर महिन्याला वजन करायचं आणि वयासमोर टिंब द्यायचं. टिंब हिरव्यात पडलं तर मूल ठीक. पिवळ्यात पडलं तर लक्ष ठेवायचं. लाल पट्ट्यात पडलं तर वजन फारच कमी, हातातलं काम टाकून त्याच्यामागे लागायचं.

"लाल दिसलं की मी त्या घरी जाते," वहिनी म्हणाल्या. "आई शेतात गेलेली असली तर शेतात जाते. दवाखान्यात नेईपर्यंत दुसऱ्या घरी जात नाही. वीस वर्षं झाली. आता तुम्ही म्हणता, लाल आहे, असू दे, पुढच्याकडे चला."

व्याख्यान मी गिळलं. ज्या कोणी हे रंग ठरवले त्याच्या डोक्यात चौकातला सिग्नल असावा. अंगणवाडीतल्या बायकांनी हा पडदा कुठल्या डोळ्यांनी वाचावा, हे त्याला कोणी विचारलं नसणार. मलाही सुचलं नव्हतं, आणि मी तर दर महिन्याला त्या रंगांमधून हात मागे बांधून फिरत होतो.

मी लॅपटॉप पुन्हा पुढे ओढला. मग म्हटलं, "जांभळा रंग बघू या."

"जांभळा आमच्या तक्त्यात नाही."

"म्हणूनच. 'मार्क फॉर रिव्ह्यू' म्हणून बटण आहे. अडलात की ते दाबायचं. चौकट जांभळी होते. म्हणजे हा प्रश्न तुम्ही सोडून दिलेला नाही, त्याच्याकडे परत येणार आहात."

वहिनींनी ते तोंडात घोळवलं. "म्हणजे आम्ही म्हणतो ना, पुन्हा बोलवा. मूल रडतं, काट्यावर उभं राहत नाही, तेव्हा आईला सांगतो, दुपारी परत आण."

"अगदी तेच."

"मग असं सांगा ना सरळ!"

त्या रविवारी त्या खुशीत परत गेल्या. मीही खुशीत होतो. दोन्ही खुशी पुढच्या रविवारपर्यंत टिकल्या.

दुसऱ्या रविवारी वहिनींनी चाचणी सुरू केली आणि मी स्वयंपाकघरात जाऊन आलो, तर पडदा जांभळ्या फुलांच्या बागेसारखा फुललेला. उत्तर येत असलेलेही प्रश्न त्यांनी जांभळे केले होते. लाल दिसूच नये म्हणून प्रश्न उघडला की बटण. वेळ संपली, निकाल आला: भोपळा.

"हे काय हो? मी तर सगळ्यांना पुन्हा बोलावलं होतं."

"बोलावलंत. वजन कोणाचंच केलं नाहीत."

त्या हसल्या. बोटांनी साडीचा काठ सरळ करत म्हणाल्या, "भाऊजी, हे आपल्याला जमणार नाही बहुतेक. तिकडे नव्या पोरी असतील. त्यांना हे सांगावं लागत नाही."

भाऊ त्या दिवशी बरोबर आला होता. आता तो रिमोटचा विनोद करील म्हणून मी त्याच्याकडे बघितलं. तो म्हणाला, "जळालेली मोटर पहिल्या फटक्यात भरली जाते का? तीनदा तार तुटते. बस."

आम्ही पुन्हा बसलो. या वेळी मी सूचनांचं पान उघडलं, जे मी स्वतः शेकडो लोकांना वाचायला सांगून एकदाही नीट वाचलं नव्हतं, आणि आम्ही ते ओळीओळीने वाचलं. जांभळ्याचे दोन प्रकार होते. नुसता जांभळा, म्हणजे खूण आहे, उत्तर नाही. त्याला गुण नाहीत. जांभळ्यावर छोटी हिरवी खूण, म्हणजे उत्तर निवडलंय आणि परत बघायचंही आहे. ते उत्तर या परीक्षेत धरलं जाणार होतं. दुसऱ्या परीक्षेत काय असेल ते तिथल्या पानावर बघायचं. आणि आणखी एक ओळ होती: पर्याय निवडून थेट उजवीकडच्या दुसऱ्या क्रमांकावर क्लिक केलं, तर निवडलेलं उत्तर जतन होत नाही. आधी 'सेव्ह अँड नेक्स्ट' किंवा 'मार्क फॉर रिव्ह्यू' दाबायलाच हवं.

"वजन केलं, पण टिंब दिलं नाही," वहिनी म्हणाल्या.

चुकीच्या उत्तराला गुण कापणार नव्हते. म्हणून आमचं ठरलं: अडलात तरी जे बरं वाटेल ते निवडायचं, मग जांभळं करायचं. पुन्हा बोलवायचं, पण अंदाजे वजन लिहून ठेवून. खऱ्या अंगणवाडीत हे केलं असतं तर वहिनींनी स्वतःलाच नोटीस दिली असती, पण त्यांनी ते मान्य केलं. तिसऱ्या-चौथ्या रविवारी टाकीचे नळ आले की त्या बिनदिक्कत एक पर्याय निवडून पुढे सरकायला लागल्या. तोंडाने "या दुपारी" असं म्हणायच्या.

परीक्षेच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर धुळ्याला गेलो. केंद्र शहराबाहेरच्या एका कॉलेजात. फाटकाशी साड्याच साड्या. कडेवर पोर घेतलेल्या, सासूला सोबत आणलेल्या, गेटबाहेर मंगळसूत्र काढायला लावतील का म्हणून पदर घट्ट धरलेल्या. माइकवर कोणीतरी सर्वांचं 'हार्दिक स्वागत' करत होतं आणि शिपाई त्याच वेळी सर्वांच्या पाण्याच्या बाटल्या काढून घेत होता. वहिनी आत गेल्या. मी समोरच्या टपरीवर बसलो. आयुष्यभर मी या परीक्षांच्या आतल्या बाजूला उभा राहिलो होतो. बाहेर वेळ इतका हळू जातो, हे मला तिथे कळलं.

आत काय झालं ते त्यांनी परतीच्या एसटीत सांगितलं.

सूचनांच्या वेळात त्यांनी आधी पान वाचलं, जांभळ्याची ओळ नमुन्यासारखीच आहे याची खात्री केली, प्रश्नांची भाषा मराठी निवडली, माउस नीट चालतो का ते बघितलं आणि मगच चौकोनात खूण केली. मग घड्याळ सुरू झालं. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकदम उघडला, आणि सगळ्या पडद्यांवर एक क्रमांक एकदम लाल झाला.

"हॉलभर एक आवाज झाला, भाऊजी. श्श्श असा. सगळ्यांनी श्वासच ओढून घेतला. एक जण तर मोठ्यांदा ओरडली, लाल शे! तो पर्यवेक्षक पोरगा पळत आला. म्हणाला, ताई, लाल तर होतंच. पण सांगणार कसं त्याला, आम्हाला लाल म्हणजे काय असतं ते?"

त्यांच्या शेजारी साक्रीकडची एक सेविका होती. तिचं नाव त्यांना माहीत नव्हतं. बोलायची मुभा नव्हती, पण डोळ्याच्या कडेने तिचा पडदा दिसायचा नाही असं थोडंच होतं? उत्तरं नव्हती दिसत, रंग दिसत होते. तिचा एक लाल क्रमांक हलतच नव्हता. वहिनी दहा हिरवे करून बघत, तर ती तिथेच.

"मला कळत होतं ती काय करतेय. ती त्या घरी बसली होती."

वहिनींनी स्वतःचा पेपर संपवला. मग जांभळ्यांकडे परत गेल्या, एकेकाला बघितलं, उत्तर पक्कं केलं, हिरवं केलं. वेळ थोडाच उरला होता. आजूबाजूच्या खुर्च्या सरकायला लागल्या. पर्यवेक्षक पोरगा त्यांच्यापाशी येऊन म्हणाला, "ताई, झालं ना? सबमिट करा, म्हणजे मोकळ्या व्हाल."

त्यांनी सबमिट दाबलं. पडद्यावर तक्ता आला: उत्तर दिलेले किती, न दिलेले किती, न पाहिलेले किती, जांभळे किती, हिरव्या खुणेचे जांभळे किती. खाली विचारलं होतं, नक्की सादर करायचं का? यानंतर बदल करता येणार नाही. होय, नाही.

"त्या तक्त्यात जांभळा एक होता," वहिनी म्हणाल्या. "नुसता जांभळा. म्हटलं, असं कसं? मी तर सगळ्यांना बघून आले."

"मग?"

"तो पोरगा म्हणाला, होय दाबा ताई. मी म्हटलं, थांब रे बाबा, माझं एक मूल वजन न करता परत गेलंय."

त्यांनी 'नाही' दाबलं. पुन्हा प्रश्नांवर आल्या. उजवीकडे क्रमांकांवर नजर फिरवली आणि ते सापडलं. सुरुवातीच्या धांदलीत तो पर्याय न निवडताच जांभळा केला गेला होता, आणि परत आल्यावर घाईत पर्याय निवडून त्या थेट पुढच्या जांभळ्यावर गेल्या होत्या. वजन केलं होतं, टिंब दिलं नव्हतं. लसीकरणाचा प्रश्न, झोपेत विचारला तरी उत्तर येईल असा. पर्याय निवडला, 'सेव्ह अँड नेक्स्ट' दाबलं, हिरवं झालेलं डोळ्यांनी पाहिलं. पुन्हा सबमिट, पुन्हा तक्ता. या वेळी नको त्या रकान्यांत शून्य. मग 'होय'.

"आणि काय आलं माहितीये पडद्यावर? धन्यवाद." एसटी तेव्हा पारोळ्याच्या स्टँडवर थांबली होती, त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "वीस वर्षांत सरकार मला पहिल्यांदा धन्यवाद म्हणालं. मी जरा वेळ बसूनच राहिले. तो पोरगा म्हणाला, ताई, उठा आता, संपलं."

निकाल आला तेव्हा मी भावाच्या दुकानात होतो, वहिनीही तिथेच होत्या. त्याच्याच मोबाइलवर यादी उघडली. वहिनींचं नाव निवड यादीत होतं, शेवटाकडे, पण होतं. शेवटाकडे म्हणजे एखाददुसऱ्या गुणाच्या अंतरावर तळ होता. तो एक जांभळा आम्हाला तिघांनाही एकदमच आठवला असणार, कारण कोणीच त्याचं नाव काढलं नाही. भावाने हातातली तांब्याची तार खाली ठेवली आणि म्हणाला, "आता रिमोट पण घेऊन टाक."

वहिनी यादी वर-खाली करत राहिल्या. मी विचारलं, काय शोधताय?

"ती साक्रीवाली. नाव तर माहीत नाही. पण वाटतं, बघून कळेल." मग मोबाइल परत देत म्हणाल्या, "उठली असेल का हो ती त्या घरातून?"

मला माहीत नव्हतं, आणि मी तसं सांगितलं.

वहिनी आता मुख्यसेविका आहेत. नशिराबादच्या पुढे त्यांचा भाग आहे. रविवार मात्र अजून आमच्याच घरी जातो. पुढच्या भरतीला बसणाऱ्या दोन-चार सेविका त्यांच्या मागोमाग येतात. दारात चपलांची रांग लागते आणि माझा लॅपटॉप पाटावर मांडला जातो. मला बोलायची परवानगी नाही. मी चहा आणतो.

परवा एक नवी आली होती. माउस कबुतरासारखा धरलेला. तिने पहिला प्रश्न उघडला, एक क्रमांक लाल झाला, आणि तिने हात मागे ओढला. "अक्का, बठ्ठं चुकलं वाटतं. लाल शे!"

वहिनींनी तिचा हात पुन्हा माउसवर ठेवला. "काही चुकलं नाही. आपण नुसतं दार उघडलंय. मूल अजून बघितलंच नाही. आता आत जा."